दिवस रेंगाळतो, वर्ष मात्र पळतं

पत्र: माझं वय ५१. चोवीस वर्षं एकाच कार्यालयात हिशेबाचं काम करते. गेली काही वर्षं कुठे जातात तेच कळत नाही. मुलगी शिकायला बाहेर गेली त्याला तीन वर्षं झाली, मला ती गेल्या वर्षीची गोष्ट वाटते. नवऱ्याने आकडेमोड करून दाखवली की वय वाढलं की वर्ष लहान वाटणारच, त्याला इलाज नाही. मैत्रीण म्हणते, रोज तेच ते करतेस म्हणून वेळ पळतो, काहीतरी नवं कर. म्हणून वर्षभराची बिनपगारी रजा घ्यावी असं मनात आहे. नवऱ्याला तो वेडेपणा वाटतो. आणि एक भीतीही आहे, मेंदू थकत चालल्याचं तर हे लक्षण नाही ना? उरलेली वर्षंही अशीच भुर्रकन जाणार असतील तर मी काय करू?

उत्तर:

रजेचा अर्ज अजून दिला नसेल तर थोडे दिवस तसाच राहू द्या. तुमच्या नवऱ्याचं आणि मैत्रिणीचं, दोघांचंही म्हणणं अगदीच हवेतलं नाही. पण दोघांनीही अर्धीच गोष्ट सांगितली आहे आणि तुमचा एवढा मोठा निर्णय त्या अर्ध्या गोष्टीवर उभा राहतो आहे.

आधी नवऱ्याची आकडेमोड. ती त्यांची स्वतःची नाही, पॉल जाने नावाच्या फ्रेंच तत्त्वज्ञाने ती १८७७ साली मांडली होती. दहा वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा दहावा हिस्सा, तुमच्यासाठी एक्कावन्नावा. म्हणून तुमचं वर्ष त्याच्या वर्षाच्या साधारण पाचव्या भागाएवढं वाटायला हवं. ऐकायला हे फार पटतं. आता तोच हिशेब पुढे नेऊन बघा, तुमचा तर तो हातखंडा आहे. पाचव्या वर्षापासून ऐंशीव्यापर्यंतचं आयुष्य धरलं, तर या सूत्राप्रमाणे पाच ते दहा, दहा ते वीस, वीस ते चाळीस आणि चाळीस ते ऐंशी हे चारही टप्पे सारख्याच लांबीचे वाटले पाहिजेत. म्हणजे विसाव्या वर्षीच निम्मं आयुष्य जगून झालं! आणि हा नियम वर्षाला लागू असेल तर तासालाही लागू व्हायला हवा. कंटाळवाण्या बैठकीतला एक तास तुम्हाला बारा मिनिटांसारखा वाटतो का? मला तरी वाटत नाही.

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हे तेव्हाच खटकलं होतं. १८९०च्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिलं की वय वाढतं तसे दिवस, महिने आणि वर्षं आखूड वाटू लागतात, तासांबद्दल शंका आहे, आणि मिनिटं-सेकंद तर होते तेवढेच राहतात. जानेचा हिशेब अनुभवाचं वर्णन करतो, कारण सांगत नाही, असंही त्याचं म्हणणं. मला हे निरीक्षण सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण पुढे संशोधकांनी माणसांना प्रत्यक्ष विचारायला सुरुवात केली तेव्हा तेच निराळ्या रूपात समोर आलं.

२००५ साली मार्क विटमन आणि सांड्रा लेनहॉफ यांनी जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या १४ ते ९४ वयाच्या ४९९ लोकांना विचारलं की तुमचा गेला आठवडा, गेला महिना, गेलं वर्ष, गेलं दशक किती वेगाने गेलं. गंमत अशी की 'फार वेगाने गेलं' असं बहुतेक सगळेच म्हणाले, तरुणसुद्धा. आठवडा, महिना, वर्ष यांच्या बाबतीत वयाने फारसा फरक पडत नव्हता. फरक दिसला तो गेल्या दहा वर्षांबद्दलच्या उत्तरात, आणि तोही माफक. पाच वर्षांनी विल्यम फ्रीडमन आणि स्टीव्ह यान्सन यांनी नेदरलँड्समध्ये याहून मोठ्या गटाला असेच प्रश्न विचारले, तेव्हाही वयाचा परिणाम दशकावरच आढळला. तुमच्या नवऱ्याचं सूत्र खरं असतं तर गेल्या वर्षाबद्दल विशीतली आणि पन्नाशीतली माणसं अगदी वेगवेगळं बोलली असती. तशी ती बोलत नाहीत.

मग वर्षं उडून जातात असं म्हणणाऱ्या इतक्या लोकांना काय जाणवत असतं? इथे मला तुमच्या प्रश्नातच एक गाठ दिसते. 'वेळ पळतो' हे आपण दोन वेगळ्या अर्थांनी म्हणतो. एक, आत्ता, चालू क्षणी वेळ कसा जातो आहे. दोन, मागे वळून बघताना गेलेला काळ किती लांब वाटतो. आपण ही दोन उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणांहून काढतो. चालू क्षणाचं उत्तर लक्षातून येतं. लक्ष वेळेकडेच असेल, म्हणजे वाट बघताना, कंटाळलेलं असताना, दुखत असताना, तर वेळ रेंगाळतो. लक्ष कामात गुंतलं की तो जाणवतच नाही. मागे वळून बघतानाचं उत्तर मात्र आठवणींतून येतं. त्या काळातलं किती आणि किती वेगवेगळं आठवतं, त्यावरून आपण नकळत त्याची लांबी ठरवतो. म्हणूनच जो दिवस सरता सरत नव्हता तोच महिन्याने आठवला तर चिमूटभर होऊन जातो, आणि भुर्रकन गेलेली चार दिवसांची सहल नंतर पंधरवड्याएवढी वाटते.

याचं मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण एका तरुणाचं आहे. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ. वय २३. १६ जुलै १९६२ ला तो आल्प्समधल्या स्कारासों नावाच्या गुहेत उतरला, सोबत घड्याळ न घेता. गुहेत बर्फ, थंडी, ओल आणि काळोख. झोपताना, उठल्यावर, जेवताना तो वर बसलेल्या सहकाऱ्यांना फोन करायचा. ते वेळ टिपून ठेवायचे, पण त्याला सांगायचे नाहीत. कधीकधी तो सेकंदाला एक या बेताने एकपासून १२० पर्यंत मोजून दाखवायचा. एकदा हे मोजायला त्याला जवळपास पाच मिनिटं लागली, आणि त्याच्या मते दोनच झाली होती. १४ सप्टेंबरला प्रयोग संपल्याचं त्याला कळवलं, तेव्हा त्याच्या वहीत २० ऑगस्ट ही तारीख होती. जवळपास दोन महिन्यांतले साडेतीन आठवडे त्याच्या हिशेबात आलेच नव्हते.

यात दोन गोष्टी नीट बघा. पहिली, त्याच्या शरीराचं घड्याळ बिघडलं नव्हतं. झोपण्या-उठण्याचं चक्र चोवीस तासांच्या थोडंसं पुढे, पण जवळपास तेवढंच होतं. गफलत झाली ती मनाने केलेल्या मोजणीत. दुसरी, तो तेवीस वर्षांचा होता. रोज तोच काळोख, तीच थंडी, तेच डबे उघडून खाणं, त्यामुळे सकाळ कोणती आणि कालची सकाळ कोणती हे वेगळं करायला काही खूणच उरली नाही. तासन्‌तास जागं राहूनही आपण थोडाच वेळ जागे होतो असं त्याला वाटायचं. वर्षं गिळंकृत करायला म्हातारपणच लागतं असं नाही, हे यावरून दिसतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट ऑर्नस्टाइन यांनी याच दशकात प्रयोगशाळेत हे साधेपणाने तपासलं. सारख्याच लांबीच्या ध्वनिफिती लोकांना ऐकवल्या. एकीत आवाजांची संख्या कमी, दुसरीत जास्त. जास्त आवाजांची फीत लोकांना लांब वाटली. १९६९च्या पुस्तकात त्यांनी त्याचा अर्थ असा लावला की मनात जेवढं साठतं तेवढी त्या काळाची लांबी वाटते. पुढे या कल्पनेत बऱ्याच सुधारणा झाल्या. नुसती संख्या नाही, एका प्रसंगातून दुसऱ्या प्रसंगात होणारे बदलही महत्त्वाचे, असं आज मानलं जातं. पण मूळ धागा टिकून आहे.

तुमच्या बाबतीत तो कसा लागू होतो ते तुम्हीच करून बघा. एक कोरा कागद घ्या. डाव्या बाजूला तुमच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षातले प्रसंग लिहा, उजव्या बाजूला गेल्या वर्षातले. दहा मिनिटं पुरे, कॅलेंडर किंवा फोनमधले फोटो न बघता. बहुतेकांची डावी बाजू भराभर भरते: पहिली नोकरी किंवा तिच्या मुलाखती, पहिलं प्रेम किंवा त्यातली फजिती, पहिल्यांदा एकटीने केलेला प्रवास. साधारण पंधरा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयातही सर्वात दाट असतात, हे अनेक अभ्यासांत पुन्हापुन्हा दिसलं आहे. उजव्या बाजूला मात्र 'मार्चअखेरचे हिशेब' असं एक वाक्य येतं, आणि ते चोवीस वर्षांसाठी सारखंच लागू पडतं. त्या एका ओळीत किती संध्याकाळी, किती चिडचिड, किती चुका सापडल्याचा आनंद दडपला गेला आहे याचा विचार करा. मेंदूने ते सगळं जगलं, पण वेगळं साठवलं नाही. मैत्रिणीचं म्हणणं खरं आहे ते एवढ्यापुरतं.

मुलीच्या जाण्याबद्दलचा तुमचा धक्का मात्र वेगळ्या प्रकारचा आहे. ठळक, मनाला लागलेली घटना आपण आहे त्याहून अलीकडची समजतो. ती स्पष्ट आठवते, म्हणून जवळची वाटते. मग कोणीतरी तारीख सांगतं, आपण दचकतो, आणि त्या दचकण्यालाच 'वेळ किती पळाला!' असं नाव देतो. हे तरुणांच्याही बाबतीत होतं, त्यामुळे यातून वयाचं काही सिद्ध होत नाही. तुम्हाला तो निरोप अजून लख्ख आठवतो, एवढाच त्याचा अर्थ. उलट एक करून बघा, त्या तीन वर्षांत मुलगी किती वेळा येऊन गेली, तिच्याशी कशावरून भांडण झालं, तिने फोनवर सांगितलेली कुठली गोष्ट तुम्हाला पटली नाही, हे क्रमाने आठवा. अर्ध्या तासाने ती तीन वर्षं तितकी आखूड वाटणार नाहीत, असा माझा अंदाज आहे.

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण पत्र वाचताना मला सतत जाणवलेली एक गोष्ट. घाई. फ्रीडमन आणि यान्सन यांनी लोकांना वेळेच्या वेगाबरोबर आणखीही विचारलं होतं: हातातली कामं पुरी करायला वेळ अपुरा पडतो का, सतत धावपळ वाटते का? ज्यांनी हो म्हटलं त्यांना वेळ वेगाने जातोय असंही जास्त वाटत होतं, वय काही का असेना. नंतर जपानमध्ये विचारलं तेव्हाही हाच संबंध आढळला. मधल्या वयात कामाचा, मुलांचा आणि आईवडिलांचा भार एकदम येतो. ठरवलेल्यातलं निम्मं राहून गेलं की आपण 'मला जमलं नाही' असं म्हणत नाही, 'वर्ष लवकर संपलं' असं म्हणतो. तुमचा हिशेब विभाग महिन्याच्या शेवटच्या तारखेवर चालतो. एक मुदत संपली की डोळे पुढच्या मुदतीवर. अशा वेळी मधले दिवस नुसते ओलांडायचे असतात. तुमच्या बाबतीत मी आठवणींइतकाच दोष याला देईन.

म्हणून रजेबद्दल. वर्षभर 'सगळं सोडून बसणं' हा तुमच्या तक्रारीवरचा उलटा उपाय ठरू शकतो, ही माझी खरी काळजी आहे. रिकामे दिवस चालू असताना लांब वाटतील, यात शंका नाही. पण त्यात खुणा नसल्या तर वर्षअखेरीला मागे बघताना ते वर्षही सिफ्रच्या गुहेसारखं आकसलेलं सापडेल, आणि पगारही गेलेला असेल. नव्या गोष्टींचाही एक त्रास असतो. त्या नव्या राहत नाहीत. नव्या वर्गाचा पहिला आठवडा लक्षात राहतो, दहावा राहत नाही. म्हणून मोठं एकगठ्ठा नवेपण मिळवण्यापेक्षा ते वर्षभर विखरून टाकणं बरं. तुम्हाला रजा घ्यायचीच असेल, दमला असाल, मुलीकडे जाऊन राहायचं असेल, तर जरूर घ्या. त्या कारणांना वेळेच्या वेगाचा आधार लागत नाही. पण केवळ वेळ हळू व्हावा म्हणून घेत असाल, तर वर्षाच्या एका रजेऐवजी दोन-दोन आठवड्यांच्या चार रजा मागून बघा. त्यांत ठिकाण, माणसं किंवा काम यांपैकी एक तरी बदलू द्या. नवऱ्याशी वादही निम्मा होईल.

त्याआधी तीन महिने एक छोटं काम करा. रोज रात्री वहीत त्या दिवसातली एकच गोष्ट लिहा, पण ती दुसऱ्या कुठल्याही दिवशी लिहिता येणार नाही इतकी नेमकी. 'ऑफिसला गेले, काम खूप होतं' हे चालणार नाही. 'नव्या मुलाने बेरजेतली चूक शोधली आणि मला सांगायला घाबरत होता' हे चालेल. महिनाअखेरीला आधी न वाचता स्वतःला विचारा, हा महिना किती लांब वाटला. उत्तर लिहा. मग वही वाचा आणि पुन्हा विचारा. दोन उत्तरांत फरक पडला, तर तुमचा प्रश्न मुख्यतः आठवणींचा आहे. वही वाचूनही महिना तेवढाच आखूड वाटला आणि पानापानावर 'राहिलं', 'उद्या', 'वेळच नाही' असे शब्द दिसले, तर प्रश्न घाईचा आहे. मग नवे छंद लावून घेऊन आणखी गर्दी करू नका. आहे त्यातलंच एखादं काम कमी करा, किंवा निदान महिनाअखेरीनंतरचे दोन दिवस मोकळे ठेवा. वही लिहायचा कंटाळा असेल तर नका लिहू. कर्तव्य म्हणून लिहिलेल्या नोंदी एकसारख्याच होतात आणि त्यांचा उपयोग होत नाही.

एक प्रश्न मला तुम्हाला विचारावासा वाटतो. वेळ खरंच हळू जायला हवा आहे का? २०२० च्या एप्रिलमध्ये टाळेबंदी असताना रूथ ऑग्डन यांनी ब्रिटनमधल्या ६०४ लोकांना वेळ कसा जातो ते विचारलं होतं. ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांना वेळेचा वेग बदलल्यासारखा वाटत होता. आणि तो हळू कोणाला वाटत होता? वयाने मोठ्या असलेल्यांना, ताणात असलेल्यांना, हाताला काम कमी असलेल्यांना, माणसांच्या सहवासाबद्दल असमाधानी असलेल्यांना. म्हणजे वय वाढलं की वेळ पळतोच, हा नियमही तिथे उलटा झाला. हळू वेळ हा पुष्कळदा दुःखी वेळ असतो. तुमचे दिवस पटकन जात असतील तर त्यात काही बिघडलेलं नाही, कामात जीव रमतो आहे असाही त्याचा अर्थ असू शकतो. तुम्हाला हवे आहेत ते भरभर गेले तरी मागे काही उरणारे दिवस, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. तुमचं शेवटचं वाक्य तर वेगाबद्दलचं नाहीच, ते उरलेल्या वर्षांच्या संख्येबद्दलचं आहे. ती हुरहूर या वयात येतेच, आणि तिच्यावर वही किंवा रजा हा उतारा नाही. तिच्याबद्दल नवऱ्याशी बोला, आकडेमोड बाजूला ठेवून.

मेंदूच्या भीतीबद्दल. वर्षं भराभर गेल्यासारखी वाटणं हे एकटं कुठल्याही आजाराचं लक्षण नाही. मुलगी तीन वर्षांपूर्वी गेली हे तुम्हाला नीट माहीत आहे, फक्त तसं वाटत नाही, आणि या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काळजी करावी ती वेगळ्या गोष्टींची: आज कोणता महिना चालू आहे हेच गोंधळायला लागणं, परवाचा मोठा प्रसंग कुणी आठवण करून दिली तरी मुळीच न आठवणं, तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारला जाणं, नेहमीच्या हिशेबात पूर्वी न होणाऱ्या चुका वाढणं. यातलं काही तुमच्याआधी घरच्यांच्या किंवा सहकाऱ्यांच्या लक्षात येऊ लागलं, तर डॉक्टरांकडे जा, आणि जाताना त्या माणसाला सोबत न्या. झोप कमी असेल, मन बराच काळ खिन्न असेल किंवा रजोनिवृत्तीचा त्रास चालू असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. या तिन्हींमुळे लक्ष लागत नाही, आणि लक्ष लागलं नाही तर दिवस आठवणीतही राहत नाहीत.